हुझुन म्हणजे दुःख नव्हे

ओरहान पामुक या तुर्की लेखकाचं 'इस्तंबूल' हे आठवणींचं पुस्तक 2003 मध्ये आलं. तीन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं आणि ते पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यात एक अख्खं प्रकरण एकाच शब्दावर आहे. तुर्क तो शब्द 'ह्युझ्युन' असा काहीसा उच्चारतात, आपण 'हुझुन' म्हणू. तेव्हापासून हा शब्द फिरतो आहे आणि फिरता फिरता झिजतोही आहे. पावसाळी फोटोखाली तो सापडतो, प्रेमभंगाच्या कवितेखालीही. तिथे त्याचा अर्थ 'उदास वाटणं' एवढाच उरतो. त्यासाठी तुर्की शब्दाची गरज काय? आपला 'उदास' चांगला आहे की.

उर्दू-अरबी कानावरून गेलेल्या वाचकाला शब्द ओळखीचा वाटेल. मूळ अरबी 'हुज़्न'. सूरह यूसुफमध्ये तो येतो. यूसुफ हरवल्यावर हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचे डोळे याच हुज़्ननं पांढरे झाले. मुलं त्यांना बोल लावतात, आणि ते सांगतात की मी माझं गाऱ्हाणं फक्त अल्लाहपुढे मांडतो आहे. हा हुज़्न एकट्याचा आहे. घर भरलेलं आहे, पण बापाच्या दुःखात घरातलं कुणी वाटेकरी नाही. उलट ज्यांनी यूसुफला विहिरीत टाकलं तीच मुलं समोर उभी आहेत.

याच शब्दाचं दुसरं ठिकाण सीरतमध्ये आहे. नबुव्वतच्या दहाव्या वर्षी, इसवी सन 619 च्या सुमारास, पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब हे दोघंही थोड्या अंतरानं गेले. त्या वर्षाला 'आमुल हुज़्न' म्हणतात, म्हणजे दुःखाचं वर्ष. दुखवटा माणसाचा असतो, घराचा असतो, फार तर चाळीस दिवसांचा असतो. इथे अख्ख्या वर्षालाच नाव मिळालं. त्या वर्षी जगणारा प्रत्येकजण, रडो वा न रडो, त्या नावाच्या आत आला. शब्द एकट्याच्या छातीतून बाहेर पडून काळावर पसरला तो इथे.

पामुक यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि तो शब्द शहरावर पसरवला.

त्यांचं इस्तंबूल 1950-60 च्या दशकांतलं आहे. उस्मानी साम्राज्य संपलं, 1923 मध्ये राजधानी अंकाराला गेली, आणि जे शहर शतकानुशतकं तीन खंडांचा कारभार पाहत होतं ते अचानक एक मोठं, गरीब, मागे पडलेलं गाव झालं. पण राजवाडे, कारंजी, बॉस्फरसच्या काठचे लाकडी वाडे कुठे गेले नाहीत. ते तिथेच उभे राहिले, पडत राहिले, जळत राहिले. युरोपात जुनी वास्तू जपतात, तिकीट लावून दाखवतात. इस्तंबूलमध्ये लोक त्या पडझडीतच राहत होते. भग्न भिंतीला टेकून भाजी विकत होते. म्हणजे रोज कामाला जाताना आपण कोण होतो याची आठवण रस्त्यातच आडवी यायची. त्या आठवणीनं शहरावर जे सावट आलं, ते हुझुन.

पामुक आणखी एक गोष्ट सांगतात आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सूफी परंपरेत अल्लाहच्या पुरेसं जवळ जाता आलं नाही याची जी व्यथा आहे तिलाही हुज़्न म्हणतात. तिथे हुज़्न असणं ही अडचण नाही, तो नसणं ही अडचण आहे. ज्याला ती व्यथा जाणवतच नाही त्यानं काळजी करावी. म्हणून इस्तंबूल हुझुन लपवत नाही, थोड्या मानानंच मिरवतं.

साधं दुःख इथेच वेगळं पडतं. नवव्या शतकात बगदादला अल-किंदी नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं दुःख घालवण्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते प्रिय गोष्ट हरवली किंवा हवी ती मिळाली नाही की दुःख होतं, आणि विचार नीट केला की ते हलकं करता येतं. साध्या दुःखाला असा पत्ता असतो. कुणाचं, कशाचं, कधीपासून, हे विचारता येतं, सांत्वन करता येतं. हुझुनला विचारा 'काय झालं?' तर उत्तर मिळत नाही. आज काहीच झालेलं नसतं. जे झालं ते आजोबांच्या वेळी झालं, आणि ज्याला ते वाटतं त्यानं ते पाहिलेलंही नसतं.

मराठीत याला शब्द आहे का? 'हळहळ' सामूहिक आहे, 'गावभर हळहळ व्यक्त झाली' असं आपण म्हणतोच. पण हळहळ ताजी असते आणि चार दिवसांत ओसरते. 'हुरहूर' टिकते, पण ती एकाच्या जिवाला लागते, तालुक्याला लागत नाही. 'खंत' मध्ये आपलं काही चुकल्याची बोच असते. हुझुनमध्ये हे तिन्ही थोडं थोडं आहे. हळहळीचं गावभर असणं, हुरहुरीचं टिकणं आणि खंतेची बोच.

मोहरमलाही हुझुन म्हणायचा मोह होतो. कोल्हापुरात पंजे बसतात, त्यात हिंदूंचा हात मोठा असतो, शोक वाटून घेतलेला असतो. पण मोहरमच्या शोकाला तारीख आहे, करबलाचं मैदान आहे, नावं आहेत. शिवाय इथला मोहरम वाजतगाजत जातो. तो शोक आहे, जत्राही आहे, हुझुन नाही.

कोल्हापूरचं हुझुन शोधायचं तर मी 8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीकडे पाहीन. त्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधवून घेतलं, 1915 मध्ये ते उभं राहिलं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. शेजारीच त्यांनीच बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान. लाकडी रंगमंच, छत, आतलं सगळं गेलं, दगडी भिंती राहिल्या. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, ज्यांचं नाव या वास्तूला आहे त्या केशवरावांची जयंती होती. 'ललितकलादर्श'चे केशवराव, 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' करणारे आणि त्याच वर्षी अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेलेले.

त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या गर्दीत कलावंत होते, तसे ज्यांनी वर्षानुवर्षं नाटकाचं तिकीट काढलं नव्हतं असे लोकही होते, आणि तेही रडत होते. कशासाठी? ती हळहळ होती, मान्य. पण खाली दुसरं काहीतरी होतं. पामुक बॉस्फरसकाठचे वाडे जळताना पाहणाऱ्या गर्दीबद्दल लिहितात, तेव्हा म्हणतात की त्या बघण्यात अपराधी भावही मिसळलेला होता. एका मोठ्या संस्कृतीचा वारसा आपल्याकडे आला आणि तो पेलण्याइतके आपण तयारच नव्हतो, हा भाव. कोल्हापूरकरानं त्या रात्री नाट्यगृहाबरोबर आणखी काय काय मोजलं असेल, याचा विचार करा. 'प्रभात' इथे 1929 मध्ये निघाली आणि चार वर्षांत पुण्याला गेली. अल्लादिया खाँसाहेब इथे दरबार गायक होते, महाराज 1922 मध्ये वारले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं. शाहू मिल बंद पडून वीस वर्षं होऊन गेली. यातलं एकही दुःख त्या रात्रीचं नव्हतं, आणि गर्दीतल्या बहुतेकांनी यातलं बरंचसं पाहिलेलंही नव्हतं. आग विझायला काही तास लागले. हे मोजणं मात्र आधीपासून चालू होतं आणि अजून चालू आहे. त्याला मी कोल्हापूरचं हुझुन म्हणतो.

इथे एक अडचण आहे, ती टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. नाट्यगृह जळण्याआधी चारही आठवडे झाले नव्हते, तेव्हा 14 जुलैला, विशाळगडच्या अतिक्रमणांविरुद्ध निघालेल्या जमावानं गडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली. नंतर खासदार शाहू छत्रपती तिथे गेले, शहरातले काही कार्यकर्तेही गेले, ते खरं आहे. पण ज्या अर्थानं नाट्यगृहासाठी शहर गप्प झालं, त्या अर्थानं गजापूरसाठी झालं नाही. गजापूरचं दुःख गजापूरचं राहिलं, आणि मुसलमानांचं. ते याकूबांच्या हुज़्नसारखं राहिलं, घरच्यांच्या समोर आणि तरी एकट्याचं.

म्हणजे हुझुन सामूहिक आहे असं म्हणताना 'समूह' कुठे संपतो हेही विचारावं लागतं. पामुक यांच्या इस्तंबूललाही हा प्रश्न चुकत नाही. 1955 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या ग्रीकांची दुकानं, घरं, चर्चं जमावानं फोडली आणि मग ग्रीक शहर सोडून जात राहिले. पामुक यांनी त्या दंगलीबद्दल त्याच पुस्तकात लिहिलं आहे. साम्राज्य गेल्याचं हुझुन शहरभर होतं, ग्रीक शेजारी गेल्याचं मात्र उशिरा, आणि तुटक तुटक आलं. हुझुन आपोआप सगळ्यांना कवेत घेतं असं नाही. शहर आपलं म्हणून जे मोजतं, त्याच्याच जाण्याचं हुझुन त्याला होतं.

या भावनेचं आणखी एक मला न आवडणारं अंग आहे, ते म्हणजे तिची ऊब. मानानं मिरवता येणारी उदासी असली की काही करावं लागत नाही. 'गेले ते दिवस' म्हटलं की महापालिकेला जाब विचारायची गरज उरत नाही. पामुक यांनाही हे दिसतं. हुझुन माणसाला थोडक्यात समाधान मानायला लावतं, हरण्याला प्रतिष्ठा देतं, हे ते झाकत नाहीत.

नाट्यगृहाच्या बाबतीत कोल्हापूरनं तसं केलं नाही. राख थंड व्हायच्या आत लोक 'होतं तसं पुन्हा बांधा' म्हणायला लागले आणि सरकारलाही तसं जाहीर करावं लागलं. दगडी भिंती शाहूकाळातल्याच आहेत, त्यामुळे हे शक्य आहे. पण त्या भिंतींच्या आत जे उभं राहील ते नवं लाकूड असेल. जुन्या लाकडावर कुणाचे पाय पडले होते हे ज्यांना ठाऊक आहे ते पहिल्या रांगेत बसून नव्या रंगमंचाकडे बघतील. गजापूरचा एखादा तरुण मागच्या रांगेत बसलेला असेल तर त्याला काय वाटेल, ते त्याला विचारावं लागेल.