काकांचे समभाग, पुतण्याचे नाव आणि रेडी रेकनर



भवानी पेठ, नाना पेठ, मार्केट यार्ड या भागांत आपल्या समाजातील अनेक पेढ्या कालांतराने प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या झाल्या. संस्थापक बंधूंपैकी एक निवृत्त होऊ लागला की त्याचे समभाग पुतण्याच्या नावे करण्याचा विषय निघतो. "घरातलाच व्यवहार, ताळेबंदातल्या भावाने करून टाकू," असे ठरते. हे वाक्य किती महाग पडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

१९९८ साली दोन भावांनी कंपनी स्थापन केली. दहा रुपये दर्शनी मूल्याचे एक लाख समभाग, त्यांपैकी धाकट्या भावाकडे वीस हजार. कंपनीचे मार्केट यार्ड परिसरात एक गोदाम आहे. घसारा वजा जाता ताळेबंदात त्याची किंमत सहा लाख दिसते. माल, येणी आणि बँकेतील शिल्लक मिळून नव्वद लाख, तर देणी पन्नास लाख. म्हणजे निव्वळ मूल्य शेहेचाळीस लाख, दर समभागामागे ४६ रुपये. त्याच भावाने काकांनी ३१ डिसेंबर २०२५ रोजी पुतण्याला समभाग विकले आणि ९ लाख २० हजार रुपये घेतले.

आता कायद्याची मोजणी. शेअर बाजारात नोंद नसलेले समभाग वाजवी बाजारमूल्याहून कमी किमतीत विकले, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ५०सीए ते वाजवी मूल्य हीच विक्रीची किंमत मानते. हे मूल्य नियम ११यूए प्रमाणे काढायचे असते. त्यात बहुतेक मालमत्ता व देणी पुस्तकी किमतीने धरली जातात. परंतु जमीन व इमारत मुद्रांक शुल्काच्या मूल्याने, म्हणजे आपल्या परिचयाच्या रेडी रेकनरने. गोदामाचे हे मूल्य एक कोटी साठ लाख आहे असे धरू. मग १६० अधिक ९० वजा ५०, म्हणजे दोन कोटी. दर समभागामागे २०० रुपये. काकांची विक्री कायद्याच्या दृष्टीने चाळीस लाखांची झाली! स्थावर मालमत्तेच्या विक्रीत मुद्रांक मूल्याशी दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. समभागांना तशी सवलत नाही.

धारणकाळाचा प्रश्न येथे सोपा आहे. असे समभाग चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ असले की नफा दीर्घकालीन. मात्र कंपनीने गेल्या वर्षी बोनस दिला असेल, तर त्या बोनस समभागांचा काळ वाटपाच्या दिवसापासून मोजतात आणि त्यांची खरेदी किंमत शून्य धरतात. मूळ समभाग जुने म्हणून सारेच जुने समजणे, ही नेहमीची चूक. अल्पकालीन नफ्यावर नेहमीच्या टप्प्यांच्या दराने कर लागतो.

समभाग १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्याने काकांना त्या दिवसाचे वाजवी मूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. ते २५ रुपये निघाले असे समजू. म्हणजे पाच लाख. नफा पस्तीस लाख. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के आहे, पण महागाई निर्देशांकाचा लाभ गेला. कर ४ लाख ३७ हजार ५००, त्यावर चार टक्के उपकर. एकूण ४ लाख ५५ हजार. काकांचे एकूण उत्पन्न पन्नास लाखांच्या आत असल्याने अधिभार नाही. तरीही हातात आलेल्या रकमेतील जवळजवळ निम्मी करात गेली.

पुतण्याचे काय? कमी किमतीत समभाग घेणाऱ्याला फरकाची रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवावी लागते. पण काका हे पुतण्याचे 'नातेवाईक' असल्याने तो सुटतो. काकांना मात्र कलम ५०सीए मध्ये नात्याची सूट नाही. घेणारा चुलतभाऊ असता, तर तोही सापडला असता, कारण चुलतभाऊ या व्याख्येत बसत नाही.

काकांना पैसे नकोच असतील, तर खरा मार्ग बक्षीसपत्राचा. बक्षीस हे करपात्र हस्तांतरण नव्हे, आणि पुतण्यालाही कर नाही. काकांची खरेदी किंमत व धारणकाळ दोन्ही पुतण्याकडे जातात. पुढे त्याने विकल्यावर कर त्याला भरावा लागेल. बक्षीस लिहून मागल्या दाराने नऊ लाख घेणे म्हणजे विक्रीच होय. आणखी एक गंमत : पुतण्याने काकांना दिलेले बक्षीस मात्र करमुक्त नाही, कारण व्याख्या घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते आणि काकांच्या यादीत पुतण्या नाही.

काकांना मोबदला हवाच असेल, तर भाव ठरवण्यापूर्वी कंपनीच्या प्रत्येक मिळकतीचे चालू वर्षाचे रेडी रेकनर मूल्य काढावे. नियमाला हस्तांतरणाच्या दिवसाचा लेखापरीक्षित ताळेबंद लागतो. गेल्या मार्चचा चालत नाही. म्हणून ३१ मार्च हीच हस्तांतरणाची तारीख ठरवली, तर वेगळ्या लेखापरीक्षणाचा खर्च वाचतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. त्यानंतरच्या व्यवहाराची कागदपत्रे करताना सनदी लेखापालांकडून नवे क्रमांक व त्या दिवशीचा दर लिहून घ्यावा.