नवं खातं चालू झाल्याशिवाय जुनं रिकामं करू नका, आणि त्यांच्या उशिराचा दंड आपण भरू नका

भावांनो, गल्फमध्ये काम करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा गावाकडे कर्जाचा हप्ता चालू असतो. कुणाचं घराचं कर्ज, कुणाचं ट्रॅक्टरचं, कुणी तर इकडे येण्यासाठीच काढलेलं. हप्ता जातो तो गावातल्या जुन्या बचत खात्यातून. पण परदेशात नोकरीला आलं की ते साधं खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. काही बँकांत त्यात खाते नंबरच बदलतो. काही जण दुसऱ्याच बँकेत एनआरई-एनआरओ उघडतात. खातं बदललं की हप्ता कापायची परवानगी, म्हणजे मँडेट, ती पण नव्याने द्यावी लागते. ती आपोआप मागे येत नाही. माणसं फसतात ती इथेच, आणि त्यात दोष नेहमी त्यांचाच दाखवला जातो. मला तो मान्य नाही.

आमच्या साइटवरच्या एका शटरिंग सुताराचं सांगतो. हप्ता ९,६४० रुपये, तारीख दर महिन्याची ५. नवं एनआरओ खातं झालं. कर्ज देणाऱ्या कंपनीचा खातं बदलायचा फॉर्म त्याने सही करून सुट्टीवर जाणाऱ्या गड्याबरोबर पाठवला, आणि भावाने २२ तारखेला शाखेत दिला. काउंटरवर उत्तर मिळालं, "सात दिवसांत होतं, काळजी करू नका." त्या शब्दावर विसंबून २८ तारखेला जुन्या खात्यातले सगळे पैसे नव्यात टाकले. ५ तारखेला कंपनीने हप्ता मागितला तो जुन्याच खात्याकडे. खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत. कंपनीचा बाउन्स चार्ज ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. जुन्या बँकेने तिचा चार्ज वेगळा लावला. नव्या खात्यात पैसे पडून होते, पण तिथे कुणी मागितलेच नाहीत.

का मागितले नाहीत, ते नंतर कळलं. जुन्या बँकेत तो मराठीत सही करायचा, मँडेटवरही तशीच केली. नव्या बँकेत नमुना सही इंग्रजीत होती. सही जुळत नाही म्हणून नव्या बँकेने मँडेट परत पाठवलं. कंपनीने हे ना त्याला कळवलं, ना भावाला. १७ तारखेला भावाने शाखेत जाऊन हप्ता भरला, म्हणजे १२ दिवस उशिरा. २०२५ पासून कर्जाची माहिती सिबिलसारख्या संस्थांकडे महिन्यातून दोनदा जाऊ लागली, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. १५ ला त्याचं नाव थकबाकीत होतं.

कंपनीचं म्हणणं असं की करारात लिहिलंय, हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे ठेवणं ग्राहकाचं काम. बरोबर आहे, सही आपण केली आहे. पण कुठल्या खात्यात, ते कोण सांगणार? हप्ते मागणारी यादी कंपनी तारखेच्या काही दिवस आधीच तयार करून पाठवते. ५ तारखेची मागणी कुठल्या खात्यावर जाणार हे २२ तारखेला काउंटरवर बसलेल्या माणसाला कदाचित माहीत नसेल, पण कंपनीला ठाऊक असतं. "या महिन्याचा जुन्यातूनच जाईल, तिथे पैसे ठेवा" एवढं एक वाक्य पावतीवर छापायला काय जातं? ते छापत नाहीत, आणि न छापल्याचा दंड आपल्याकडून घेतात.

म्हणून काम कसं करायचं ते नीट ऐका. स्लॅब पुरता पक्का झाल्याशिवाय आपण खालचे टेकू काढत नाही, तसंच हे.

अर्ज हप्ता कापला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी द्या, म्हणजे जवळजवळ पूर्ण महिना हातात राहतो. हप्त्याला आठ-दहा दिवस उरले असताना दिलेला अर्ज पुढच्या महिन्याचा समजा. जमत असेल तर कागदी फॉर्म नको, ई-मँडेट करा. ते नव्या खात्याच्या नेट बँकिंगने किंवा डेबिट कार्डाने होतं, आणि सही जुळण्याचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी ओटीपी येणारा नंबर चालू पाहिजे. भारतातलं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलं असेल तर आधी ते सोडवा, नाहीतर बँकेत विचारून इकडचा नंबर जोडता येतो का पहा. कागदीच करावं लागलं तर सही नव्या बँकेतल्या नमुन्यासारखी करा, आणि नाव पासबुकावर आहे तसंच लिहा. मँडेटमध्ये कापायची कमाल रक्कम लिहिलेली असते. ती हप्त्याएवढीच ठेवू नका. घराच्या कर्जाचा व्याजदर वाढून हप्ता वाढला तर ते मँडेट अपुरं पडतं.

फॉर्म दिला म्हणजे मँडेट झालं असं नाही. ते नोंदलं गेलं की त्याला एक नंबर मिळतो, स्क्रीनवर UMRN असा दिसतो. नव्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत तो दिसतो का पहा, आणि कंपनीला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: "पुढचा हप्ता कुठल्या खात्यातून, कुठल्या यूएमआरएनवर मागणार?" फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी घ्या.

त्या महिन्यात दोन्ही खात्यांत एकेक हप्ता ठेवा. मला माहीत आहे, ९,६४० रुपये जास्तीचे अडकवून ठेवणं मजुराला सोपं नाही. पगार उशिरा झाला तर उसने घ्यावे लागतात. खरं तर कंपनीच्या ढिलाईसाठी हे पैसे आपण बिनव्याजी अडकवतो. पण बाउन्सपेक्षा हे परवडतं. पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखी केसही होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, त्या महिन्याचा हप्ता हाताने ऑनलाइन भरून टाकू. यादी आधीच गेली असेल तर हाताने भरलेला पण जातो आणि खात्यातूनही कापला जातो. मग जादाचे पैसे परत मिळवायला पुन्हा अर्ज आणि फोन. भरायचंच असेल तर आधी कंपनीकडून लेखी घ्या की या महिन्याची मागणी थांबवली आहे.

नव्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये एनएसीएच किंवा एसीएच अशी नोंद होऊन हप्ता कापलेला दिसला की मग जुनं मँडेट रद्द करायचा अर्ज द्या, आणि ते रद्द झाल्याचं कळल्यावरच जुनं खातं रिकामं करा.

एवढं करूनही कंपनीने जुन्याच खात्यावर मागणी टाकली आणि दंड लावला, तर भरून गप्प बसू नका. अर्जाची पावती, नवा यूएमआरएन आणि दोन्ही खात्यांची त्या दिवसाची स्टेटमेंट जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा. मागणी तीनच: चार्ज परत द्या, दंड काढा, सिबिलची नोंद दुरुस्त करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाका. फी लागत नाही, इकडून मोबाइलवरूनही होतं. आणि सिबिलची चुकीची नोंद तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीत तो लिहा.

आमच्या सुताराकडे २२ तारखेची शिक्क्याची पावती आहे. मँडेट परत आल्याचं कंपनीने कळवलं नाही, हाच त्याच्या तक्रारीतला पहिला मुद्दा आहे. अर्ज आम्ही परवा शुक्रवारी कॅम्पवर बसून लिहिला. कंपनीचे ३० दिवस आता मोजतोय.