एका वेळी एकच बदल... पण सुरुवात कुठून करायची?



प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे, हे आपण मुलांना सतत सांगतो. मी दहावीला विज्ञान शिकवते, मीही सांगते. पण गेल्या महिन्यात माझ्याच लेकीने हा नियम तंतोतंत पाळला आणि तिचं उत्तर चुकलं. चूक तिची नव्हती. नियम अर्धाच शिकवला होता, आणि तो मीच शिकवला होता. म्हणून हा लेख.

झालं असं. तिच्या मामाने तिला वाढदिवसाला इअरबड्स दिले. त्यांची डबी वायरने चार्ज होते, आणि नुसती चार्जिंग पॅडवर ठेवली तरी होते. घरात पॅड होताच. पण एक दिवस डबी पॅडवर ठेवली तर दिवाच बदलेना. तिचे बाबा म्हणाले, "पाडली असशील कुठेतरी. आता नवीन घे म्हणशील." ती म्हणाली, "नाही पाडली." मी काहीच बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पाडल्याचीच शंका आली होती.

लेक मात्र वही घेऊन बसली. तीन गोष्टींवर तिचा संशय होता. पहिली, अडॅप्टर. पॅडला जुन्या बटणवाल्या फोनचा अडॅप्टर लावला होता. दुसरी, डबीला घातलेलं जाड सिलिकॉनचं कव्हर. तिसरी, डबी पॅडच्या मध्यावर नव्हती, कडेला सरकवून ठेवली होती.

तिने एकेक गोष्ट बदलली. आधी अडॅप्टर बदलला, मोठा लावला. काही नाही. जुना परत लावला. मग कव्हर काढलं. दिवा चार-पाच सेकंद लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. डबी चार्ज झालीच नाही. कव्हर परत घातलं. मग डबी मध्यावर ठेवली. तीच लागविझ. वहीत तिने लिहिलं: "अडॅप्टर कारण नाही. कव्हर कारण नाही. जागा कारण नाही. म्हणून डबी बिघडली आहे."

तर्क वाचायला निर्दोष वाटतो ना? मलाही वाटला. पण वायर लावली की डबी मुकाट्याने चार्ज होत होती. म्हणजे बॅटरी ठीक होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इथे तीन लहान कारणं एकमेकांचा हात धरून बसली आहेत. त्यातलं एक उठवलं तरी उरलेली दोघं काम अडवतातच.

हे का होतं ते समजायला पॅड काय करतो ते पाहावं लागेल. दहावीच्या पुस्तकात विद्युत चुंबकीय प्रवर्तन आहे. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं, की कुंतलातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यात विद्युतधारा निर्माण होते. पॅडमध्ये तारेचं एक चपटं कुंतल असतं आणि डबीतही एक असतं. पॅडच्या कुंतलातली धारा सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा उलटसुलट होते. तिचं बदलतं चुंबकीय क्षेत्र डबीच्या कुंतलातून गेलं, की तिथे वीज तयार होते. मध्ये तार नाही, पण दोन्ही कुंतलं समोरासमोर आणि अगदी जवळ हवीत.

पॅड ताटलीएवढा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, कुठेही ठेवलं तरी चालेल. पण साध्या पॅडचं कुंतल मधल्या चार-पाच सेंटिमीटरमध्येच असतं. फोनमधलं कुंतल मोठं असतं, थोडं सरकलं तरी भागतं. डबीतलं कुंतल मात्र साधारण नाण्याएवढं. ते एक-दीड सेंटिमीटर सरकलं, तरी बरंचसं क्षेत्र त्याच्या बाहेरूनच निघून जातं. कव्हरचंही तसंच. दोन कुंतलांत पॅडचं वरचं आवरण, डबीची भिंत आणि वर कव्हर. आमचं कव्हर शाळेच्या व्हर्निअर कॅलिपरने मोजलं, ते ३.२ मिलिमीटर निघालं. फोनसाठी बनलेल्या कव्हरांना बहुधा ३ मिलिमीटरपर्यंतच ठीक म्हणतात, आणि इथे तर कुंतल लहान.

आता अडॅप्टर. डबी आणि पॅड एकमेकांशी बोलतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. पॅड आधी छोटासा इशारा पाठवून विचारतो, "कोणी आहे का?" डबीला तेवढी वीज मिळाली, तर ती त्याच कुंतलातून उत्तर देते आणि मग चार्जिंग सुरू होतं. उत्तर आलं नाही तर पॅड गप्प. म्हणून दिवा न बदलणं म्हणजे पॅड मेला असं नाही, त्याला उत्तर मिळालेलं नाही एवढंच. चार्जिंग चालू असतानाही डबी सांगत राहते, "अजून दे", "आता कमी कर". कुंतलं नीट जुळलेली नसली की डबी "अजून दे, अजून दे" करते आणि पॅड अडॅप्टरकडून जास्त धारा ओढायला लागतो.

आमच्या जुन्या अडॅप्टरवर लिहिलं होतं: ५ व्होल्ट, ०.७ अँपिअर. गुणाकार केला तर ३.५ वॉट. पॅडच्या पाठीवर त्याची मागणी ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. डबीला स्वतःला एक-दोन वॉट पुरतात, म्हणून सगळं जुळलेलं असताना हा अडॅप्टर कसाबसा निभावून नेतो. पण ओढ वाढली की त्याचा व्होल्टेज पडतो, पॅड बंद पडतो, ओढ थांबते, व्होल्टेज सावरतो आणि पॅड पुन्हा सुरू होतो. लेकीने पाहिलेली लागविझ ही होती.

मग आम्ही प्रयोग उलट्या बाजूने केला. सगळं एकदम उत्तम केलं: मोठा अडॅप्टर, कव्हर काढलेलं, डबी झाकण बंद करून, दिवा वर करून, बरोबर मध्यावर. मध्य शोधताना घाई करायची नाही. अर्धा सेंटिमीटर सरकवायचं आणि चार-पाच सेकंद हात काढून थांबायचं, कारण पॅडला विचारायला आणि डबीला उत्तर द्यायला वेळ हवा. मुलं डबी गोल गोल फिरवत राहतात आणि बरोबर जागेवरूनच पुढे निघून जातात. डबी चार्ज व्हायला लागली. बिघाड नव्हताच. नेमक्या जागी पॅडवर पेन्सिलीने चार बारीक खुणा केल्या.

त्यानंतर एकेक अडचण परत आणली. फक्त जुना अडॅप्टर: चार्ज होते. फक्त कव्हर: चार्ज होते. फक्त एक सेंटिमीटर सरकवली: तरी होते, पण दीड सेंटिमीटरला थांबते. म्हणजे एकटी कुठलीच अडचण काम बंद पाडत नव्हती. मग दोन-दोन एकत्र केल्या. कव्हर आणि सरकलेली डबी: बंद. जुना अडॅप्टर आणि कव्हर: लागविझ. जुना अडॅप्टर आणि सरकलेली डबी: तीच लागविझ. पहिल्या दिवशी लेक याच तीन जोड्या तपासत होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं. एक अडचण काढली, की मागे उरणारी जोडीच असायची.

वहीतलं शेवटचं वाक्य तिने खोडलं आणि लिहिलं: "कोणतीही दोन कारणं एकत्र आली की डबी चार्ज होत नाही." तिच्या बाबांनी ते वाचलं आणि "पाडली असशील" हे शब्द मागे घेतले. मीही घेतले, मनातले होते तरी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. "एका वेळी एकच बदल" हा नियम बरोबरच आहे, पण त्याच्या आधी एक पायरी हवी: आधी वस्तू चालू स्थितीत आणा, मग एकेक गोष्ट बदला. बंद वस्तूपासून सुरुवात करून एकच गोष्ट बदलली आणि लगेच मागे घेतली, तर कारणं दोन-तीन असताना प्रत्येक कारण निर्दोष सुटतं आणि दोष उरलेल्यावर जातो. कधी तो डबीवर जातो, कधी पोरीवर. पुस्तकातल्या प्रयोगात उपकरण चालूच असतं, म्हणून ही पायरी आपल्याला शिकवायची गरजच वाटत नाही. घरात मात्र मुलांपुढे येतात त्या बंद पडलेल्या वस्तू.

अजून एक. लेकीने वहीत लागविझ लिहिली होती, पण निष्कर्ष काढताना तिला "चार्ज नाही" असं एकाच मापात घातलं. काहीच न होणं आणि होऊन थांबणं ही दोन वेगळी निरीक्षणं आहेत. पहिलं सांगतं, डबीचं उत्तरच येत नाही, जागा आणि कव्हर बघा. दुसरं सांगतं, उत्तर येतंय, पण पुरवठा तग धरत नाही, अडॅप्टर आणि वायर बघा. आपल्या तपासणीत "होय" आणि "नाही" यांच्यामध्ये तिसरा रकाना असायला हवा.

घरी करून बघणार असाल तर थोडी काळजी घ्या. डबी पॅडवर चार्ज होणारी आहे ना, हे तिच्या खोक्यावर आधी वाचा, सगळ्या होत नाहीत. कव्हरला लोखंडी कडी, चकती किंवा चुंबक असेल तर ते कव्हर काढूनच ठेवा, पॅडवर धातू तापतो. डबी कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर लगेच उचला. आणि सगळं उत्तम करूनही डबी चार्ज झाली नाही, तर त्याच पॅडवर तसा चार्ज होणारा एखादा फोन ठेवून बघा. फोन झाला तर दोष डबीच्या आतला आहे, तो दुकानातच दाखवायचा. आत लिथियमची बॅटरी असते, घरी स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही.

आमच्या घरी आता डबीला पातळ कव्हर आहे आणि जुना अडॅप्टर माझ्या वर्गाच्या कपाटात. प्रवर्तनाचा धडा आला की तो, पॅड आणि जाड कव्हर मी टेबलावर मांडणार आहे. आकृती काढण्याआधी मुलांना एवढंच विचारेन: हे चालत नाहीये, सुरुवात कुठून कराल?