मान आखूड नाही, फोटो खोटा आहे

लग्नाचा हंगाम आला की सराफी पेढ्यांचं एक नवं सोंग सुरू होतं. गळ्याचा फोटो पाठवा, कोणता हार शोभेल ते आम्ही सांगतो. मुलगी फोटो पाठवते आणि काउंटरवरचा मुलगा दोन मिनिटांत निकाल देतो : मान आखूड, लांब हार घ्या. किंवा, मान लांब, चिंचपेटी घ्या. फोटो कुठून काढला, अंगात कोणता ब्लाउज आहे, गळ्याचा घेर किती, यातलं एक अक्षर तो विचारत नाही. मी देवासला दागिने गाठवायचं काम करते. अशा निकालांवर घेतलेले हार लग्नाच्या आठवडाभर आधी माझ्याकडे येतात, ‘ताई, जरा दोन इंच कमी करून द्या ना’ म्हणून. म्हणून स्पष्ट सांगते, हा सल्ला नाही, ही फसवणूक आहे. आणि त्यात सोन्याइतकंच मुलीच्या मनाचंही नुकसान होतं.

माझी एक भाची उदयनगरला शाळेत शिकवते. बागलीच्या पलीकडचं, नर्मदेच्या बाजूचं डोंगरी गाव. खरेदीला इंदूरच्या सराफ्यात वरचेवर येणं जमत नाही, म्हणून तिने एका पेढीला मोबाइलवर फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘मान आखूड आहे, ठुशी अजिबात नको, २० इंची हार घ्या, खाली पदक.’ तिने मला फोन केला तो हाराबद्दल विचारायला नाही. ‘मावशी, माझी मान खरंच इतकी वाईट दिसते का गं?’ हे विचारायला. माझा संताप तिथून सुरू झाला.

तो फोटो मी पाहिला. हात लांब करून, मोबाइल कपाळाच्याही वर धरून काढलेला. असा फोटो ओळखायला कारागीर असावं लागत नाही. कपाळ मोठं आणि हनुवटी निमुळती दिसते. कान डोळ्यांच्या रेषेच्या वर चढलेले दिसतात, कारण मोबाइल वरून खाली बघत असतो. आणि मोबाइल धरलेल्या बाजूचा खांदा उचललेला असल्यामुळे त्या बाजूचं हासळीचं हाड तिरकं वर गेलेलं दिसतं. हनुवटी खाली आली, खांदा वर गेला, की मधली मान राहणार किती? राजकन्येलाही त्या फोटोत मान उरायची नाही. शिवाय मोबाइल हातभर अंतरावर असला की त्याच्या जवळचा चेहरा फुगतो आणि मागचा गळा बारीक होतो. म्हणजे एकाच फोटोत मान आखूडही होते आणि अरुंदही, आणि दोन्ही खोटं.

याच इंदुरात १८७० च्या दशकात लाला दीनदयाळ सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेरा शिकले आणि पुढे मध्य भारतातल्या संस्थानिकांचे फोटो काढत फिरले. त्यांचा अवजड कॅमेरा तिवईवर, माणसापासून काही पावलं दूर उभा राहायचा. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत गळा गळ्याच्या जागी आहे. आज खिशात शंभरपट सोयीचा कॅमेरा असताना आपण हातभर अंतरावरून फोटो काढतो आणि त्यावर तोळ्यांचा व्यवहार ठरवतो.

फोटोवरून काहीच ठरवता येत नाही असं मी म्हणत नाही. ठरवता येतं, पण फोटो तसा हवा. भाचीला मी दुसरा फोटो काढायला लावला. मोबाइल शेजारणीच्या हातात, सहा-सात फुटांवर, हासळीच्या उंचीला, आणि थोडा झूम करून. केस वर बांधलेले, खांदे सैल सोडलेले, नजर समोर. उजेड खिडकीचा, समोरून. बाजूचा प्रखर उजेड हासळीची हाडं उगाच उठवून दाखवतो आणि फ्लॅश ती पुसून टाकतो. आणि अंगात लग्नात घालायचा तोच ब्लाउज. शेवटी एक गोष्ट जास्तीची : गाठ सोडून बरोबर १६ इंचांचा दोरा मोजून, त्यात एक किल्ली ओवून, गळ्यात बांधलेला. किल्ली एवढ्यासाठी की रिकामा दोरा गळ्यावर कुठेही चिकटून राहतो, वजन असलं की तो दागिन्यासारखा खाली बसतो.

आता हा दोरा का, ते नीट समजून घ्या, कारण पेढ्यांची सगळी गफलत इथेच आहे. हाराचे इंच म्हणजे त्याची पूर्ण लांबी, मानेच्या मागून फिरून पुढे येणारी. फोटोत मागचा भाग दिसतच नाही. गळ्याचा घेर १३ इंच असलेल्या मुलीला १६ इंची माळ कंठाच्या खड्ड्याखाली सैल लोंबते. तीच माळ १५ इंच घेराच्या बाईला जवळजवळ गळ्याशी बसते. समोरून दोघींचे गळे सारखे दिसू शकतात. म्हणून इंच फोटोतून काढता येत नाहीत, ते दोऱ्यातूनच येतात. दोरा एकदा फोटोत दिसला की पुढचा हिशोब सोपा : लांबी दोन इंचांनी वाढवली की हाराचा तळ साधारण एक इंच खाली जातो, कधी थोडा अधिक.

भाचीच्या फोटोत १६ इंची दोऱ्याचा तळ कंठाच्या खड्ड्याखाली एक इंचावर आला. म्हणजे १८ इंची हार दोन इंचांवर येईल आणि २० इंची तीन इंचांवर. आता ब्लाउज. शिंप्याने पुढचा गळा सहा इंच खोल घेतला होता. शिंपी हे माप खांद्यापासून खाली घेतो, आणि खांद्यापासून कंठाचा खड्डाच तीनेक इंच खाली असतो. म्हणजे खड्ड्यापासून ब्लाउजच्या काठापर्यंत उघडा गळा उरला तीन इंच. पेढीने सुचवलेल्या २० इंची हाराचा तळ अगदी तिथेच, काठावर येत होता. पदक त्याखाली आणखी दीड इंच, जरीच्या काठावर अर्धवट आडवं. पदकाच्या वजनाने हार अजून थोडा ओढला जाणार, आणि त्याच्या कड्या बसता-उठता पायपिनमध्ये अडकणार. हार घेण्यापूर्वी हा हिशोब कोणीतरी करायला नको होता?

ब्लाउजच्या काठावर आलेला हार ही सगळ्यात वाईट जागा. डोळ्याला हार आणि काठ वेगळे दिसत नाहीत, दोन्ही मिळून एक जाड रेघ होते, आणि गळा खरोखर आखूड दिसतो. म्हणजे आखूडपणा झाकायला सुचवलेल्या हारानेच तो आणला असता. हार एकतर काठाच्या वर असावा, मध्ये निदान दोन बोटं कातडी दिसेल इतका, नाहीतर सरळ काठाच्या खाली, कापडावर, तोही पदकाच्या खालच्या टोकापासून मोजून. पेढीवाले साखळीची लांबी सांगतात आणि पदकाची उंची गिळून टाकतात.

भाचीसाठी मी ठुशी सांगितली. तीच ठुशी, जी ‘अजिबात नको’ होती. ठुशी बारीक मण्यांची दाट गुंफलेली, लवचीक, आणि तिच्या मागे सरकता गोंडा असतो. इंचांचं भांडण तिथे बरंचसं मिटतं, कारण हवी तिथे ओढून बसवता येते. खालची कड खड्ड्याखाली इंचभर ठेवली की काठापर्यंत दोन इंच गळा मोकळा राहतो. शिवाय तिची हासळीची हाडं चांगली उठून दिसतात. अशा गळ्यावर ताठ चौकटींची चिंचपेटी एका हाडावरून दुसऱ्या हाडावर पुलासारखी उभी राहते आणि मध्ये फट दिसते. ठुशी मात्र हाडाच्या चढउतारावर बसते. ज्यांची हासळी मांसल आहे त्यांना चिंचपेटी सपाट आणि सुंदर बसते, मग मान थोडी कमी उंच असली तरी. मानेच्या उंचीसाठी मी नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आणि हनुवटीपासून खड्ड्यापर्यंतचं अंतर फोटोत ताडून पाहते. दुसरं पहिल्याइतकं किंवा जास्त असलं तर चिंचपेटीला जागा आहे. भाचीच्या सरळ फोटोत ते जास्तच होतं. तिची मान आखूड नव्हतीच.

मंगळसूत्राचा विचार तर पेढीच्या मुलाच्या डोक्यातही आला नाही. लग्नात गळ्यात आणखी एक काळी पोत येणार, ती कुठे पडणार? दोन दागिन्यांचे तळ एकाच उंचीला आले की ते गुंततात आणि काळे मणी सोन्यात हरवतात. दोहोंत निदान दोन इंच अंतर हवं. आमच्याकडे ठुशी वर, मंगळसूत्र खाली कापडावर, असं ठरलं. पदराचाही हिशोब आहे. डाव्या खांद्यावर मराठी पदर असला तर छातीची उजवी बाजू मोकळी राहते आणि लांब हार निदान अर्धा दिसतो. पण माळव्यात सासरच्या चालीप्रमाणे पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला, तर लांब हार पूर्ण त्याच्याखाली जातो. मग राणीहारावर खर्च केलेलं सोनं कोणी पाहायचं?

भाची सांगत होती, उदयनगरच्या हाटात भिलाली बायका चांदीची हासळी घेतात तेव्हा ती गळ्यात घालूनच बघतात. ताठ, पुढे जाड, मागे तोंड उघडं असलेलं ते कडं. त्याला लांबी नसते, आतला घेर असतो, आणि तो हाडावर बसला की नाही हे लगेच कळतं. नाही बसला तर तिथल्या तिथे वाकवून घेतात. त्या बाईला कोणी आधी तिची मान कशी आहे ते सांगत नाही. आमच्या शिकलेल्या मुलींना मात्र तोळ्याचा भाव सांगायच्या आधी त्यांच्या मानेचा भाव सांगितला जातो, आणि आया, आत्या, मावश्या त्यावर ‘हो, आमच्या घराण्यातच आखूड माना’ अशी पुस्ती जोडतात. बंद करा हे. मुलीच्या शरीरावर शेरा मारल्याशिवाय हार निवडता येत नसेल तर तुम्हाला हार निवडता येत नाही.

आणि पैशाचं सांगते, कारण तिथेही गप्प राहणं बरोबर नाही. ओवलेली माळ असेल तर मी चार मणी काढून ती कमी करू शकते, काढलेलं सोनं तुमचं तुम्हाला परत. पण कड्यांचा, डाग दिलेला हार कापायचा म्हणजे पुन्हा सोनाराकडे. वाढवायचा तर जास्तीचं सोनं आणि जास्तीची घडणावळ. मोडीत घालायचा तर पहिली घडणावळ बुडालीच, वर घटही कापतात. चुकीच्या दोन इंचांची किंमत गिऱ्हाईकच भरतं, सल्ला देणारा कधीच नाही.

तेव्हा पेढीने फोटो मागितला तर आधी शिंप्याकडे जा. ब्लाउज शिवून येऊ द्या, मग तो घालून, दोरा बांधून, दुसऱ्याच्या हातून फोटो काढा आणि पाठवताना खाली तीन आकडे लिहा : दोरा किती इंची, ब्लाउजचा पुढचा गळा किती खोल, मंगळसूत्र किती लांब. उत्तरात पेढीने हाराचा तळ कुठे येईल ते पदकासकट सांगितलं तर पुढे बोला. तुमच्या मानेबद्दल बोलायला लागली तर दुसरी पेढी बघा.