उशिरा दिसलेला ‘हाय’

मैत्रिणींनो, चार-पाच तासांपूर्वी आलेला ‘हाय’ अचानक व्हॉट्सअ‍ॅपवर दिसला की आपण काय करतो? निदान मी तरी गडबडून जाते. सकाळी कुणी दारावर टकटक करून गेलं आणि आपण दार उघडलंच नाही, असं काहीतरी वाटतं. मग त्या गडबडीत आपण जे लिहितो, त्यानं कधी कधी उशिरापेक्षा जास्त नुकसान होतं. कसं, ते सांगते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या इमारतीत माझी एक मैत्रीण राहते. एका सोमवारी सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी तिचा नुसता ‘हाय’ आला. मी त्या वेळी शाळेत, फोन शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात. दुपारी घरी आल्यावरही पाहायचा राहिला. पावणेचारला लसूण सोलता सोलता लक्ष गेलं. ओल्या हातानंच लिहिलं, “अगं सॉरी सॉरी! सकाळी शाळेत होते, मग येताना पावसात अडकले, घरी आले तर कामवाली आलेली नाही, त्यात धाकट्याला सर्दी, फोन बघायला श्वास घ्यायलासुद्धा वेळ नाही बघ. रागावू नकोस हं!”

तिचं उत्तर आलं, “असू दे गं. सहजच केला होता.”

मला हायसं वाटलं आणि मी फोडणीला लागले.

शनिवारी ती जिन्यात भेटली तेव्हा खरी हकीगत कळली. मंगळवारी तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पाच वर्षांच्या लेकीला तीन तास माझ्याकडे ठेवता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मंगळवारी माझी शाळा नसते, हे तिला ठाऊक होतं. शेवटी लेकीला घेऊनच ती रुग्णालयात गेली आणि एका हातानं सासूबाईंना, दुसऱ्या हातानं लेकीला सांभाळत बसली. मी म्हटलं, “अगं, मग बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “तुझंच इतकं चाललेलं वाचलं. त्यात आणखी माझं कुठे लावू?”

बघा, माझ्या पाच तासांच्या उशिरानं काहीच बिघडलं नव्हतं. काम दुसऱ्या दिवशीचं होतं. बिघडलं ते माझ्या सबबींनी. मी स्वतःचीच इतकी रडगाणी गायले की तिला माझी समजूत काढावी लागली आणि ज्या कामासाठी ‘हाय’ केला होता, ते तिनं गिळून टाकलं. म्हणून आता मला कुणी “सहजच” लिहिलं, की मी आधी वर जाऊन पाहते, आपण काय लिहिलं होतं?

नुसता ‘हाय’ म्हणजे बहुतेक वेळा दार वाजवणं असतं. “आहेस का? बोलू का?” एवढंच त्यात असतं. म्हणून उशिरा का होईना, उत्तरानं दार उघडलं पाहिजे. तेव्हापासून मी तीन गोष्टी लिहिते, एकाच संदेशात. पहिली, उशीर झाल्याची कबुली, तीही अर्ध्या ओळीत. दुसरी, तिला बोलतं करणारा प्रश्न. तिसरी, मी आता कधी मोकळी आहे ते. त्या दिवशी मी असं लिहायला हवं होतं:

“अगं, तुझा मेसेज आत्ता पाहिला, उशीर झाला गं. काय म्हणतेस? सहापर्यंत मोकळीच आहे, फोन केलास तरी चालेल.”

झालं! यात एकदाच कबुली आहे आणि सबब एकही नाही. आणि हे लिहून लगेच फोन ठेवून देऊ नये. पाच-दहा मिनिटं तो जवळ असू द्यावा. नाहीतर ती मनातलं लिहिणार आणि आपण पुन्हा संध्याकाळी पाहणार, म्हणजे तोच प्रकार परत.

उलट, काही जणी उशिरा पाहून नुसता ‘हाय’ परत करतात. त्यात वाईट काही नाही, पण चेंडू पुन्हा तिच्याच अंगणात जातो. आता ती कामात असली, तर आणखी चार तास गेले. ‘बोल’ एवढंच लिहिलं तर कचेरीतल्या साहेबासारखं कोरडं वाटतं. ‘बोल गं’ म्हटलं की तेच मायेचं होतं. “काय काम होतं?” हेही जपून बरं का. त्यातून ‘कामापुरती आठवण येते वाटतं’ असा वास येऊ शकतो. “काय म्हणतेस?” बरं. वडीलधाऱ्यांना मात्र, “काकू, नमस्कार. आपला मेसेज उशिरा पाहिला, माफ करा. मी आता फोन करू का?” असं लिहावं. पुष्कळ काकूंना टाइप करण्यापेक्षा बोलणंच सोपं जातं.

मग कारण कधीच सांगू नये का? सांगावं की! पण ज्याचा तिला पुढे उपयोग आहे तेवढंच. “शाळेच्या दिवशी दीडपर्यंत फोन कपाटात असतो” ही माहिती झाली. पुढच्या वेळी घाई असली तर ती दीडनंतर फोन करील. कामवाली आणि पाऊस या सबबी झाल्या. त्या वाचून तिनं करायचं काय?

आणि खोटं तर मुळीच नको. अकराला आपण संदेश उघडून ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवला असेल, तर तिच्याकडे दोन खुणा निळ्या झालेल्या असतात. आपण त्या सोयी बंद केल्या नसल्या, तर संदेशाच्या ‘इन्फो’त वाचल्याची वेळही दिसते. नंतर तो ‘न वाचलेला’ करून ठेवला, तरी तिच्याकडच्या निळ्या खुणा जात नाहीत. अशा वेळी “आत्ताच पाहिला” लिहिलं की पकडलोच! त्यापेक्षा “सकाळी पाहिला होता, लिहायचं राहून गेलं” हे सरळ लिहावं. राहून जातं, हे प्रत्येक बाईला कळतं.

रात्री साडेअकराला दिसला तर? घरातलं अगदी जवळचं माणूस किंवा आजारपण नसेल, तर मी सकाळी आठला लिहिते: “काल रात्री उशिरा पाहिला, म्हणून आत्ता लिहिते.” आणि अनोळखी नंबरावरून ‘हाय’ असेल, तर उशिराबद्दल माफी कशाला? ओळखीचं कुणी असेल असं वाटलं, तर “नमस्कार, आपण कोण?” एवढंच पुरे. आपलं नावगाव आधी सांगू नये आणि समोरचं माणूस टाळाटाळ करू लागलं तर नंबर बंद करून टाकावा.

परवा त्याच मैत्रिणीचा पुन्हा ‘हाय’ आला. पाहिला तीन तासांनी. मी तेच लिहिलं, “उशीर झाला गं, काय म्हणतेस? आता मोकळी आहे.” दोन मिनिटांत उत्तर आलं, “तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का? सत्यनारायण आहे रविवारी.”

पातेलं होतं. संध्याकाळी धाकट्याच्या हातानं पाठवून दिलं.