जामीनपत्रावरील सही आणि सहकाऱ्याचा शब्द

उसनवारीची मागणी बहुधा पैशांच्या रूपाने सुरू होते आणि सहीच्या रूपाने मोठी होते. पेट्रोलला पाचशे, दवाखान्याला दोन हजार, महिनाअखेरीस पाच हजार, आणि मग एके दिवशी समोर येतो तो पतसंस्थेचा छापील अर्ज. "पैसे नकोत, फक्त सही हवी," हे वाक्य नोकरदार मंडळींच्या इतके परिचयाचे आहे की ते ऐकताना मागणी लहान झाली असेच वाटते. वस्तुतः ती अनेक पटींनी वाढलेली असते. या महिन्यात वाचकांशी बोलायचे आहे ते या सहीविषयी, कारण सहकाऱ्याला नकार देणे सर्वांत कठीण जाते ते याच ठिकाणी.

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील आंबागड हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. गोंड राजवटीच्या काळात, 1700 च्या सुमारास, बांधलेला किल्ला ही गावाची ओळख. गावाच्या परिसरातील शाळांत शिकवणारे अनेक जण रोज तुमसरहून दुचाकीने ये-जा करतात. एकाच गाडीवर दोघे, एकाच डब्यातील भाजी, एकाच पतसंस्थेचे सभासदत्व. अशा एका शाळेतील तरुण शिक्षक गेल्या जून महिन्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलून हे प्रकरण मांडतो.

त्यांच्याच शाळेतील ज्येष्ठ शिक्षकांनी पाच लाखांच्या कर्जासाठी त्यांना जामीन राहण्याची विनंती केली होती. मुलीचे लग्न ठरले होते. शिवाय काही हातउसने फेडायचे होते. रोवणी तोंडावर असल्याने घरच्या चार एकर धानालाही पैसा लागणार होता. तरुण शिक्षकांच्या मनात दोनच पर्याय होते. सही करून मोकळे व्हावे, अथवा "घरी विचारून सांगतो" म्हणून वेळ काढावा.

दुसरा पर्याय पहिल्याहून वाईट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. "घरी विचारतो" म्हटले की उद्याच्या नकाराचे खापर पत्नीच्या माथी बसते. ज्या बाईने आपल्याला लग्नसराईत मानाने बोलावले असते, तिच्याविषयी विनाकारण अढी निर्माण होते. आणि "पाहतो" म्हटले की मागणारा माणूस तो होकार समजतो, दुसरा जामीनदार शोधत नाही, आणि कर्जसमितीच्या सभेच्या आदल्या दिवशी त्याला कळते की सही मिळणार नाही. नकाराने जितके नाते बिघडत नाही, तितके या शेवटच्या दिवसाने बिघडते.

प्रथम त्या सहीचा अर्थ पाहू. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, तो बुडाला तर माझ्याकडे या," असे म्हणण्याचा अधिकार जामीनदाराला सहसा नसतो. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये हेच स्पष्ट केले आहे: धनकोने आधी कर्जदाराविरुद्धचे उपाय संपवावेत, अशी अट जामीनदार घालू शकत नाही. दोन जामीनदार असतील तर निम्मी-निम्मी जबाबदारी, हाही एक लाडका गैरसमज आहे. आपसांतील हिशेबात दोघांचा वाटा समान धरला जातो हे खरे. परंतु संस्थेला संपूर्ण रक्कम एकाकडूनच मागता येते. ज्याचा पगार नियमित, त्याच्याकडेच ती प्रथम वळते, हे सांगायला नको.

पगारातून कपात होते, मग बुडणार कसे? हा प्रश्न त्या शिक्षकांनीही विचारला. कपात चालते ती पगार चालू असेपर्यंत. दीर्घ आजारपणात बिनपगारी रजा लागली, निलंबन झाले, परजिल्ह्यात बदली झाली किंवा सेवानिवृत्ती आली की हप्ता थांबतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाने संमतीचा करार करून दिला असेल, तर पगार देणारे कार्यालय संस्थेच्या मागणीवरून कपात करते. जामीनपत्रात अशी संमती बहुधा छापलेलीच असते, आणि ती कोणी वाचत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे कलम 101 खालील वसुली दाखला. त्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही.

आता आकडे पाहू. पाच लाख रुपये, 11 टक्के व्याज, 60 हप्ते असे धरले तर मासिक हप्ता सुमारे 10,870 रुपये येतो. वीस हप्ते सुरळीत भरले आणि मग थांबले, तरी सुमारे 3 लाख 62 हजार रुपये बाकी राहतात. म्हणजे "फक्त सही" या शब्दांची किंमत एवढी.

मी त्या शिक्षकांना म्हटले, "नकार देण्याआधी त्यांचे वेतनपत्रक पाहायला मिळेल का?" ते संकोचले, पण जो आपल्याकडे पाच लाखांची जोखीम मागतो, त्याचे उत्पन्न पाहण्यात उद्धटपणा नाही. बँकेत आम्ही अनोळखी माणसालाही हेच विचारत असू. गुरुजींनी ते मोकळेपणाने दाखवले, हे त्यांचे मोठेपण.

एकूण वेतन 78,000. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, विमा, व्यवसाय कर आणि आयकर मिळून 11,500. एका पतसंस्थेचा हप्ता 14,200, दुसरीचा 9,800. हाती 42,500. येथवर चित्र बरे दिसते. परंतु वेतनपत्रक अर्धीच गोष्ट सांगते. बँकेचा गृहकर्जाचा हप्ता पगारातून नव्हे, खात्यातून वळता होतो. म्हणून पासबुक पाहणे आवश्यक असते. तेथे दरमहा 18,500 रुपये जात होते. उरले 24,000. नवा हप्ता गेल्यावर पाच माणसांच्या घराला 13,000 रुपये. असे घर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा उसने मागू लागणार, आणि मागणार ते जवळच्याच माणसाकडे. गुरुजी अप्रामाणिक मुळीच नव्हते. बुडणाऱ्या कर्जांपैकी बरीचशी प्रामाणिक माणसांचीच असतात. फसवणारा निराळा, अडकलेला निराळा. म्हणून "माझा विश्वास नाही" हे कारण द्यायचे नसते. ते खोटेही ठरते आणि जिव्हारीही लागते.

खोटे कारण मुळीच देऊ नये, हे मी आग्रहाने सांगितले. "मी आधीच दोघांना जामीन आहे" असे म्हणावे, तर पतसंस्थेची वही सर्वांना ठाऊक. तालुक्याच्या गावी अशी थाप आठवडाभरही टिकत नाही. कारण असे हवे की जे व्यक्तीवर नसून आपल्या नियमावर आहे, आणि तो नियम पुढेही सर्वांना सारखाच लावायचा आहे. आज गुरुजींना नाही म्हणून दिवाळीत दुसऱ्याला सही दिली, तर पहिला नकार अपमान होतो.

भेट कोठे घ्यावी यालाही महत्त्व आहे. स्टाफरूममध्ये चौघांदेखत नको. परतीच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर दोघेच असताना, विचारल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत. त्यांचा संवाद त्यांनी मला नंतर सांगितला, तो साधारण असा:

"सर, मी सही करणार नाही. कोणाच्याच कर्जाला जामीन राहायचे नाही असे मी ठरवले आहे. आजच सांगतो, म्हणजे तुमचा वेळ जाऊ नये."

"भाऊ, तुम्हीही असे म्हणावे?"

"तुमच्यावर शंका नाही सर. पण हप्ता थांबला तर माझ्या घरचे दोन वर्षांचे नियोजन कोसळेल, आणि मग मला तुमच्याशी नीट बोलता येणार नाही. ते मला नको. लग्नाच्या पैशांचा मार्ग मात्र आपण दोघे मिळून शोधू."

गुरुजी काही वेळ गप्प राहिले. पुढचे दोन दिवस ते दुसऱ्याच्या गाडीवर गेले. हे अपेक्षित धरावे. ते दोन दिवस भरून काढण्यासाठी धावत जाऊन सही करू नये.

मार्ग शोधू, हे शब्द पोकळ असतील तर नकारापेक्षा अधिक दुखावतात. येथे मार्ग खरोखर होता. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत आलेल्यांना भविष्य निर्वाह निधीची जुनी योजना लागू आहे, आणि गुरुजी त्यांपैकी होते. अपत्याच्या लग्नासाठी त्या निधीतून नापरतावा रक्कम मागता येते. तिला ना जामीनदार लागतो, ना हप्ता. स्वतःच्याच बचतीतील रक्कम असल्याने निवृत्तीच्या वेळी मिळणारी शिल्लक तेवढी घटते, हा तिचा तोटा. प्रस्ताव मुख्याध्यापक, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा टेबलांवरून जातो, म्हणून वेळ हाताशी असतानाच करावा. तरुण शिक्षकांनी दोन संध्याकाळी बसून अर्ज आणि जोडपत्रे तयार करून दिली. लग्नाचा बराच खर्च त्यातून निघाला. हातउसन्यांचे दोन लाख मात्र तसेच राहिले. ते गुरुजी धानाच्या पैशांतून हळूहळू फेडत आहेत.

याच जातीची आणखी एक मागणी अलीकडे वाढली आहे: "मोटारसायकल तुमच्या नावावर हप्त्याने घेऊ, हप्ता मी भरतो." येथे आपण जामीनदारही नसतो, थेट कर्जदार असतो. हप्ता चुकला की नोंद आपल्याच पतइतिहासात होते. सही करून कोरा धनादेश देणे हेही तसेच. या दोन गोष्टींना सबब शोधण्याचीही गरज नाही. "माझ्या नावावर दुसऱ्याचे कर्ज मी घेत नाही" एवढे पुरते.

किरकोळ उसनवारीचा प्रश्न उरतो. तेथे मी तरुण शिक्षकांना एवढेच सुचवले की परत न आल्यास मनात सल राहणार नाही अशी रक्कम ठरवावी, तेवढीच द्यावी आणि आधीची परत येईपर्यंत दुसरी देऊ नये. त्यांनी हजार रुपये ठरवले. गुरुजींनी ऑगस्टमध्ये पाच हजार मागितले, तेव्हा "सर, हजार आहेत, ते घ्या," असे म्हणून त्यांनी दिले. ते पोळ्यानंतर परत आले.

ज्या वाचकांच्या सह्या पूर्वीच होऊन गेल्या आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. मुदत कर्ज एकदा वितरित झाल्यावर जामीन एकतर्फी मागे घेता येत नाही. परंतु आपण ज्याला जामीन आहोत त्या कर्जाची बाकी किती, हे संस्थेकडे लेखी अर्ज करून दरवर्षी विचारता येते. कर्जाचे नूतनीकरण होऊन रक्कम वाढवली जाते, तेव्हा सामान्यतः नवे जामीनपत्र लागते. नकार देण्याची ती दुसरी संधी असते. मात्र "पूर्वीच्याच कागदावर फक्त तारीख घालायची आहे," असे सांगत अर्ज पुढे येतो. तो हातात घ्यावा आणि रकमेचा रकाना आधी वाचावा.