वजन ताटात नाही, गंजाच्या तळाशी असतं!

"डॉक्टर, सयपाक सासूबाईंच्या मर्जीनं होतो. मी डाएट कुठून करू?" भंडारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. वेगळा स्वयंपाक शक्य नसेल तर वजन कमी होणारच नाही, असं अनेकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. वेगळ्या स्वयंपाकाची गरज बहुतेक वेळा नसतेच. आधी नेमकं जास्तीचं कुठे खाल्लं जातंय ते शोधायला हवं.

एक उदाहरण सांगतो. लाखनीकडची एक सून, वय ३४, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. थायरॉईड आणि साखर नॉर्मल. जेवण विचारलं तर म्हणाली, "दोन वाट्या भात दुपारी, दोन रात्री. बाकी सगळ्यांसारखंच." तेवढ्याने वजन वाढत राहावं हे मला पटेना. मी तिला सात दिवस एकच गोष्ट लिहून आणायला सांगितली. ताटातलं नको, ताट उचलल्यानंतर स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या जे पोटात जातं ते लिहा.

वही आली. ती घरात सगळ्यांत शेवटी जेवायची. गंजात उरलेला भात टाकायचा कसा, म्हणून दोन्ही वेळा साधारण एक वाटी जास्तीची खायची. हे तिच्या हिशोबात कधी आलंच नव्हतं, कारण ते तिला "जेवण" वाटतच नव्हतं.

आता गणित बघा. १०० ग्रॅम तांदळाचा साधारण ३०० ग्रॅम भात होतो आणि त्यात सुमारे ३५० कॅलरी असतात. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या एका वाटीत पावणेदोनशे. रोजच्या दोन वाट्या जास्तीच्या, म्हणजे ३५० कॅलरी. वजन वाढत राहायला एवढं पुरेसं आहे.

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. सुनेच्या वजनाचा विषय मी काढलाच नाही. फक्त विचारलं, "आजी, कुकरमध्ये तांदूळ किती टाकता?"

"दोन गिलास, अन् वरून एक मूठ. कोनी आलं तं उपाशी नाही गेलं पायजे."

पाहुण्यासाठीची ती मूठ, साधारण ५० ग्रॅम, शिजल्यावर बरोबर एक वाटी! पाहुणा रोज येत नव्हता. त्याचा वाटा रोज सुनेच्या पोटात जात होता. मी म्हटलं, "पाहुणा आला तर वीस मिनिटांत भात होतो. ही मूठ डब्यातच राहू द्या, महिन्याला तीन किलो तांदूळ वाचेल." वजनाबद्दल बोललो असतो तर त्यांना ती आपल्या स्वयंपाकावरची टीका वाटली असती. तांदूळ वाचण्याची गोष्ट लगेच पटली.

तिचं ताट आम्ही बदललंच नाही. चार महिन्यांत वजन साडेचार किलोने उतरलं, कंबर ५ सेंटीमीटरने कमी झाली. वजन अजून जास्तच आहे, पण दिशा बदलली.

मध्ये एकदा वजन तीन आठवडे अडलं. चौकशी केली तर रात्रीचा भात पुन्हा उरू लागला होता आणि सकाळी तेलात फोडणी घालून नाश्त्याला येत होता. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी असतात. म्हणून लक्षात ठेवा: वजन अडलं की आधी उरलेल्या अन्नाचा माग काढा. आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी वजन करा.

तुमची अडचण उलटी असू शकते. उरलेलं खायला लागत नाही, पण आई किंवा आजी आग्रहाने वाढत राहते. अशा वेळी "नको, नको" म्हणून उपयोग होत नाही, कारण वाढणाऱ्याची नजर ताटावर असते. रिकामी जागा दिसली की डाव येतोच. भाजी आणि घट्ट वरण आधी घ्या, भात एकदाच घ्या, आणि त्यातले दोन घास शेवटपर्यंत ताटात राहू द्या. वरण कमी करू नका, भूक तेच धरून ठेवतं.

दोन सावधानता. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात मनाने एकदम कमी करू नका, साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी औषधाचा डोस तपासून घ्या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने कपात करायचीच नाही.

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगणं. तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं ते आज रात्री बघा. सगळे एकत्र जेवायला बसलात तर उरलेला भात एकटीच्या वाट्याला येणार नाही. माझ्या मते त्या घरात वजनाचा अर्धा इलाज तिथेच होतो.